काकांनी टिक केलं

परवा रात्री गावाहून परत आलो, कुलूप उघडलं आणि घराने वासानेच स्वागत केलं. कचऱ्याचा डबा भरलेला, तोही चार दिवसांचा. फोनवरच्या कामांच्या यादीत मात्र 'कचरा बाहेर काढणे' या कामापुढे हिरवी टिक झळकत होती, आणि सगळी कामं पूर्ण केल्याबद्दल ॲपने रंगीत कागदाचे तुकडेही उधळले होते. टिक कोणी केली? ॲपमध्ये नोंद असते. काकांनी. काका दुसऱ्या शहरात राहतात.

ही यादी मी फार निगुतीने बनवलेली आहे. घर बंद करून निघताना करायची कामं: गॅसचा नॉब, गीझर, नळाची मुख्य तोटी, खिडक्या, कचरा, किल्ल्या. आधी लोक ही यादी 'दर महिन्याला' अशी लावायला सांगत होते. पण आपला प्रवास काय पंचांग बघून निघतो? म्हणून मी टेम्प्लेट केलं. मूळ यादी कोरी ठेवायची, तिला हात लावायचा नाही, दर वेळी तिची प्रत काढायची. तारखाही ठरावीक नाहीत, 'निघण्याच्या 2 दिवस आधी' अशा. ठरावीक तारखा ठेवल्या की पुढच्या प्रवासाला काढलेली प्रत जन्मतःच थकबाकीदार असते, सगळी कामं लालभडक. हे मला माहीत होतं. काका माहीत नव्हते.

म्हणजे काका माहीत होते, पण यादीत नव्हते. 'कुटुंबाची यादी आणि मी नाही?' असं त्यांनी विचारल्यावर घेणं भाग पडलं. फोन लावला.

"काका, कचऱ्याला टिक तुम्ही केली?"

"हो, केली ना. सगळ्यांनाच केली."

"पण काढला कोणी?"

"तो तुम्ही काढायचा. मी इथून कसा काढणार?"

"मग टिक का केली?"

"अरे, वाचलं म्हणून! तू एवढं लिहून पाठवतोस, पोचपावती नको का द्यायला? घरात माझ्याशिवाय कोणी वाचत नाही तुझं."

यावर बोलायला काही उरत नाही. माणूस आयुष्यभर कागदावर सही करून 'पाहिले' म्हणत आला, आता टिक मिळाली. बायकोला वाटलं, टिक आहे म्हणजे मी केलं. मला वाटलं, तिने केलं. दोघं निर्धास्तपणे टॅक्सीत बसलो. मी म्हणतो, कामाला टिक एकच, तिचे अर्थ प्रत्येकाचे वेगळे. हे ज्याने ॲप बनवलं त्याला काका नसावेत.

आता प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव घालतो. पण त्यालाही मर्यादा आहे. आमच्या ॲपमध्ये नाव घातलं तरी कुलूप लागत नाही. यादी ज्याच्याशी शेअर केली, तो कुणाच्याही नावावरचं काम टिक करू शकतो. नुसतं बघता येईल, टिक करता येणार नाही, अशी सोयच नाही. पैसे घेऊन जास्तीचे रंग मात्र मिळतात.

पण प्रवासाच्या यादीत निदान टिक दिसते तरी. खरा घात पुनरावृत्तीच्या कामात होतो. पाण्याचा फिल्टर दर 3 महिन्यांनी धुवायचा, असं लावलं होतं. असं काम टिक केलं की ते 'झालं' म्हणून पडून राहत नाही. तारीख पुढे सरकते आणि काम यादीतून नाहीसं होतं. फिल्टर 1 एप्रिलला धुवायचा होता. काकांनी 1 एप्रिललाच वाचला. काम उडालं ते थेट 1 जुलैला. ना लाल रंग, ना आठवण, ना संशय. जून उजाडला आणि पाणी थेंबथेंब यायला लागलं, तेव्हा कळलं.

तारीख कशावरून मोजायची, हेही ठरवावं लागतं. ठरल्या तारखेवरून मोजलं तर 20 एप्रिलला धुतलेला फिल्टरही 1 जुलैला पुन्हा मागणी करतो. पूर्ण केल्याच्या दिवसापासून मोजलं तर 20 जुलै. फिल्टरला दुसरं बरोबर, कारण तो धुतल्यापासून घाण होतो. बिलं भरण्याला पहिलं. मी बदललं. काका मात्र दोन्ही पद्धतींत सारखेच वाचतात.

यादीतून त्यांना काढून टाकावं, असं बायको म्हणते. तिच्या काकांना काढायचं असतं तर बघितलं असतं! तरी मी धीर करून सांगितलं, "काका, काम झाल्याशिवाय टिक नाही करायची." त्यांनी ऐकून घेतलं आणि त्याच संध्याकाळी यादीत स्वतःहून एक काम घातलं: 'काकांना फोन करणे. दररोज, सकाळी 6.' जबाबदारी माझ्या नावावर. सकाळी सहाला फोन ठणाणा वाजला. झोपेतच टिक करून टाकली.

सहा वाजून पाच मिनिटांनी काकांचा फोन.

"टिक केलीस ती दिसली. फोन कुठे केलास?"