व्हेंडर, वेअरहाउस आणि आईची फुंकणी

कराडच्या एका हार्डवेअर वितरकाच्या कार्यालयात मी नऊ वर्षे खरेदीखाते सांभाळले आणि या नऊ वर्षांत इंग्रजी बोलण्याची वेळ माझ्यावर फारशी आली नाही. बिले इंग्रजीत, मेल इंग्रजीत. पण पुरवठादाराशी भांडायचे ते मात्र शुद्ध मराठीत, असा आमचा शिरस्ता होता. त्यामुळे पुण्यातील एका कंपनीने मला मुलाखतीस बोलावले आणि मेलच्या शेवटी, मुलाखत इंग्रजीतून होईल, असे एक निरुपद्रवी वाक्य टाकले, तेव्हा माझ्या हाती बारा दिवस होते आणि तोंडी इंग्रजी मुळीच नव्हते.

प्रश्न सर्वांनाच ठाऊक असतात, ते मलाही ठाऊक होते. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'पासून 'व्हाय शुड वी हायर यू'पर्यंत नऊ प्रश्न मी एका वहीत उतरवले आणि त्यांची उत्तरे लिहून काढली. पहिल्याच उत्तराचे शब्द मोजले, तर ते चारशे साठ भरले. मिनिटाला एकशे वीस शब्द, हा माझ्यासारख्याचा बरा वेग धरला, तरी मी जवळजवळ चार मिनिटे स्वतःविषयी बोलणार होतो. एवढा वेळ तर माझ्या लग्नाच्या बैठकीतही माझ्याविषयी कोणी बोलले नव्हते. मग काटछाट करून ते दीड मिनिटात बसेल असे, एकशे ऐंशी शब्दांचे केले: आधी सध्याचे काम, मग मागचा अनुभव आणि शेवटी ही जागा का हवी ते. प्राथमिक शाळेपासूनची हकिकत गेली. 'मायसेल्फ अमुक' हा प्रारंभही गेला, कारण स्वतःचे नाव सांगताना इंग्रजीत 'आय ॲम' पुरते. 'आय ॲम हॅविंग नाइन इयर्स एक्स्पीरियन्स' मधील 'हॅविंग' काढताना मात्र जिवावर आले. त्या शब्दाने वाक्याला कसे भारदस्तपण येत होते.

मुलाखत घेणार कोण, हा पुढचा प्रश्न होता. घरात आई तेवढी मोकळी होती. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून मी प्रश्न देवनागरीत लिहून दिले आणि ती चष्मा लावून, समोर वही धरून, एखाद्या न्यायाधीशाच्या थाटात ते वाचू लागली. तिसऱ्या दिवशी तिने पहिला शेरा मारला.

"मला अर्थ कळत नाही, पण तू हे पाठ केलेलं आहेस एवढं कळतं. अडखळलास की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतोस. पाढे म्हणताना असंच करायचास."

शेरा खरा होता. एक शब्द निसटला की मला पुढचे काहीच आठवत नसे. तेव्हा मी पूर्ण वाक्ये खोडली आणि प्रत्येक उत्तरासाठी चार-पाच शब्दांचे टाचण तेवढे ठेवले. उत्तर रोज थोडे वेगळे येऊ लागले, व्याकरणाने दोनतीनदा दगा दिला, पण मागे फिरणे थांबले.

खरे हाल पुढेच होते. आमच्या धंद्यातील शब्द पाहिले, तर 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांनी जणू कट करून माझ्यासाठीच ते जमवले असावेत: व्हेंडर, व्हाउचर, इन्व्हॉइस, व्हेरिअन्स एकीकडे आणि वेअरहाउस, वर्किंग कॅपिटल, विथहोल्डिंग दुसरीकडे. आपला 'व' या दोहोंच्या मधोमध सुखाने राहतो. 'वीस' म्हणताना माझा खालचा ओठ दातांकडे झुकतो, 'वारा' म्हणताना सैल सुटतो आणि मराठीत त्यावाचून कोणाचे काही अडत नाही. इंग्रजीत मात्र 'वाइन' आणि 'व्हाइन' यांत मद्य आणि वेल एवढे अंतर पडते. त्यातून 'व्ही'साठी आपण 'व्ह' लिहितो आणि लिहिलेला 'ह' प्रामाणिकपणे उच्चारतो, हा आणखी एक सापळा. 'व्ही'त 'ह' नसतोच. वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवायचे आणि घशातून आवाज काढत वारा सोडायचा, म्हणजे भुंगा गुणगुणल्यासारखा ध्वनी येतो. तो बरोबर आला की नाही, हे ओठालाच कळते, कारण तिथे गुदगुल्या होतात.

'डब्ल्यू' मला आईने शिकवला. दातांचा संबंध नको, ओठांचा चंबू हवा, एवढे मी आरशापुढे स्वतःला समजावत होतो, तर ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "फुंकणी धरल्यासारखे कर की ओठ." माळ्यावरची जुनी लोखंडी फुंकणी तिने खरोखरच काढून दिली. ओठ फुंकणीला लावल्यासारखे गोल करायचे आणि तिथून 'वेअरहाउस'मध्ये उघडायचे, असा सराव मी दोन दिवस केला. शेजारच्या काकूंनी घरात चूल पुन्हा सुरू केली का, अशी चौकशी केली.

राहता राहिला आघात. मराठीत आपण शब्दातील अक्षरांना साधारण सारखेच वजन देतो. इंग्रजी शब्दात एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची अंग चोरून बसतात. 'रेकन्साइल'मध्ये जोर 'रे'वर, परंतु त्याचेच 'रेकन्सिलिएशन' झाले की तो उडी मारून 'ए'वर जातो. आई भजनी मंडळात आहे. "म्हणजे सम कुठे येते ते सांग," असे म्हणून तिने टाळ घेतले, मी शब्दांतील जोराच्या अक्षरांखाली रेघा ओढून दिल्या आणि आमच्या घरी त्या रात्री 'रेकन्सिलिएशन' टाळांच्या साथीने झाले.

मुलाखतीच्या खोलीत दोघे होते. त्यांनी 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' विचारलेच नाही. "वॉक मी थ्रू युअर रेझ्युमे," असे त्यांतील बाई म्हणाल्या आणि 'वॉक' ऐकून मी खुर्चीतून अर्धा उठलो. सुदैवाने समोरचा माझाच बायोडेटा दिसला, तेव्हा तोच प्रश्न वेष बदलून आला आहे हे ओळखून मी बसलो.

दुसऱ्या गृहस्थांनी विचारले की, तुम्ही पकडलेली एखादी चूक सांगा. येथे मी परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम या क्रमाचे टाचण केले होते. सरावात परिस्थितीच सांगत बसण्याची मला खोड होती, म्हणून ती दोन वाक्यांत उरकली: एका व्हेंडरचे अठरा हजार सहाशे रुपयांचे इन्व्हॉइस आमच्याकडे दोनदा नोंदले गेले होते. आधी मोबाइलवर आलेल्या फोटोवरून '417' या क्रमांकाने, नंतर टपालाने आलेल्या मूळ प्रतीवरून '0417' या क्रमांकाने. आमच्या प्रणालीला ते दोन वेगळे क्रमांक वाटले आणि तिने इशारा दिला नाही. मग मी काय केले, यावर वेळ दिला: पैसे सोडण्याआधी व्हेंडरचा खातेउतारा मागवून आमच्या नोंदींशी ओळीने ताडला, जास्तीची नोंद रद्द केली आणि क्रमांकाआधीची शून्ये नोंदवायची की नाही, याचा एकच नियम ठरवून घेतला. 'रेकन्सिलिएशन' म्हणताना माझे बोट मांडीवर समेला पडले, हे टेबलाखाली असल्याने कोणाला दिसले नाही. गृहस्थांनी शून्यांविषयी आणखी दोन प्रश्न विचारले. ते माझ्या वहीत नव्हते. मी व्याकरणाच्या चार चुका करून त्यांची उत्तरे दिली आणि त्यांनी ती लिहून घेतली.

चार दिवसांनी त्याच बाईंचा फोन आला. दुसरी फेरी बुधवारी ठेवली तर चालेल का, असे त्यांनी इंग्रजीतून विचारले. तीन 'डब्ल्यू' एका ओळीत उभे होते आणि 'वेन्सडे'मध्ये मधला 'डी' गिळायचा होता. मी स्वयंपाकघराकडे पाहिले. दाराशी उभ्या आईने, एक अक्षरही न कळता, ओठांचा चंबू केला.

"येस, मॅडम," मी म्हणालो, "वेन्सडे विल वर्क."