सर आता आपल्यात नाहीत

रात्री पावणेदहाला एचआरच्या मॅडमचा फोन आला. त्या नेहमी आधी "बोलू शकतेस का?" असं विचारतात. त्या दिवशी त्यांनी थेट विचारलं, "लॅपटॉप जवळ आहे ना?" मी कंपनीत अंतर्गत संवादाचं काम बघते. म्हणजे लिफ्ट बंद राहणार असेल, पासवर्ड बदलायचा असेल किंवा कुणी निवृत्त होत असेल तर सर्वांना जाणारा मेल मी लिहिते. लिफ्टसाठी रात्री पावणेदहाला फोन येत नाही.

"ऑपरेशन्सचे सर गेले," मॅडम म्हणाल्या.

माझ्या काळजात चर्र झालं. मी विचारलं, "कधी? कशाने?"

"अगं तसे नाही गेले. कंपनीतून गेले. आज संध्याकाळी. उद्या दहाला मेल जायला हवा."

सर धडधाकट आहेत हे कळल्यावर मला हायसं वाटलं, आणि लगेच मेल मला लिहायचाय हे लक्षात आल्यावर ते गेलं. पहिला मसुदा मी वीस मिनिटांत पाठवला. "आपल्या ऑपरेशन्स विभागाचे प्रमुख आता आपल्यात नाहीत. अकरा वर्षांच्या त्यांच्या योगदानाने निर्माण झालेली पोकळी भरून निघणे कठीण आहे. त्यांच्या पुढील प्रवासास शुभेच्छा." मॅडमचं उत्तर आलं, "फोटो आणि हार तेवढा राहिलाय."

खरंच, माणूस नोकरी सोडतो तेव्हा वापरायचे आणि जग सोडतो तेव्हा वापरायचे शब्द आपल्याकडे एकाच कपाटात ठेवलेत. उणीव, पोकळी, आठवणी, प्रवास. निवृत्तीला ते चालतात, कारण तिथे माणूस समोर खुर्चीवर बसून हसत असतो. माणूस अचानक गायब झाला की त्याच शब्दांना सुतकाचा वास येतो. शेवटी मी "कंपनीच्या सेवेत नाहीत" यावर आले. वाक्य कोरडं आहे, पण त्यात निदान कुणी मरत नाही.

साडेदहाला फोनवर लीगलचे गृहस्थ आले. त्यांना मी भाबडेपणाने विचारलं, "कारण काय लिहू?"

"कारण लिहायचं नाही."

"मग 'वैयक्तिक कारणास्तव' लिहू?"

"ते कारणच झालं."

ते तिरसटपणे बोलत होते, पण त्यांचं म्हणणं मला नंतर पटलं. एक तर निघताना दोन्ही बाजूंनी सह्या केलेला कागद असतो आणि त्यात कोण कोणाबद्दल काय बोलणार हे ठरलेलं असतं. मी आपल्या मनाने "राजीनामा दिला" लिहायचं आणि कागदावर "परस्पर संमतीने" असायचं, म्हणजे संपलंच. दुसरी गोष्ट अधिक मजेची. आज एकाच्या वेळी "कौटुंबिक कारण" लिहिलंत की पुढच्या वेळी काहीच न लिहिणं हेच कारण होऊन बसतं. "मागच्यांचं कुटुंब होतं, मग यांची काय भानगड?" त्यापेक्षा कुणाचंच कारण कधीच लिहायचं नाही. शिवाय "वैयक्तिक कारणास्तव" हे वाचून आजवर एकाही माणसाने "अच्छा, वैयक्तिक का!" म्हणून समाधानाने मेल बंद केलेला नाही. ते वाचतात आणि उठून शेजारच्या टेबलापाशी जातात.

अकराला मोठे साहेब आले. त्यांना दिलासा हवा होता. कुठलाही वरिष्ठ माणूस अचानक गेला की उरलेल्या वरिष्ठांना दिलासा द्यायची उबळ येते. त्यांनी स्वतःच टाइप करून एक परिच्छेद पाठवला: घाबरण्याचं कारण नाही, अफवांवर विश्वास ठेवू नका, कंपनीची आर्थिक स्थिती भक्कम आहे, कोणतीही नोकरकपात विचाराधीन नाही.

मी तो परिच्छेद गोदामात माल मोजणाऱ्या माणसाच्या नजरेने वाचला. सकाळी तो कामावर आला तेव्हा त्याच्या मनात फक्त सर होते. वाचून झाल्यावर त्याच्या मनात अफवा, कंपनीची आर्थिक स्थिती आणि स्वतःची नोकरी, अशा तीन नव्या गोष्टी आल्या, आणि त्या त्याला आम्हीच पुरवल्या. शिवाय "विचाराधीन नाही" यात "अजून" हा शब्द न लिहिताही स्पष्ट दिसतो. मी साहेबांना म्हटलं, "सर, विमानात हवाईसुंदरी येऊन 'पंख शाबूत आहेत' असं सांगायला लागली तर?" साहेब थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग लोकांना धीर कसा द्यायचा?"

हा प्रश्न मात्र खरा होता. त्याचं उत्तर मला आमच्याच अकाउंट्समधल्या एका मुलीकडून पूर्वी मिळालं होतं. असाच एक प्रमुख गेला होता, असाच मोठा मेल गेला होता, आणि सगळं वाचून तिने विचारलं होतं, "माझी सोमवारची रजा आता कोण मंजूर करणार?" लोकांना धीर येतो तो सोमवारचं उत्तर मिळाल्यावर.

म्हणून मग सर नक्की कशाकशावर सही करायचे याची यादी काढायला बसलो. ही यादी खरं तर माणूस असताना काढायला हवी, पण माणूस असताना ती कुणाला लागत नाही. रजा, प्रवासखर्च, खरेदी हे आठवलं. पुढचं हळूहळू निघत गेलं. तीन पुरवठादारांच्या करारांचं नूतनीकरण त्यांच्या सहीने व्हायचं. सिस्टीममध्ये सदतीस मंजुऱ्या त्यांच्या नावावर अडकल्या होत्या. दर सोमवारची आढावा बैठक त्यांच्या कॅलेंडरवरून लागायची, म्हणजे खातं गेलं की बैठकही त्यांच्याबरोबर जाणार. आणि विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ते एकटेच ॲडमिन होते. त्यांना ग्रुपमधून काढायचं तर ते काम फक्त तेच करू शकत होते.

साडेबारापर्यंत कामांची वाटणी झाली, पण एका शब्दावर पाऊण तास गेला. गोदामाच्या मॅडमना तात्पुरती जबाबदारी द्यायची, तर त्यांना म्हणायचं काय? "प्रभारी" म्हटलं तर पोलीस चौकी आठवते. "हंगामी" म्हटलं तर त्या पावसाळ्यानंतर जातील असं वाटतं. "अंतरिम" शब्द भारदस्त आहे, पण पहिला प्रश्न येतो, किती दिवस? साहेब म्हणाले, "पुढील सूचनेपर्यंत." हे लिहिलं की समजावं, आमचं काहीच ठरलेलं नाही. मी हट्टाने तारीख मागितली. नेमणूक कधी होईल हे कुणीच सांगू शकत नव्हतं, पण "त्याबद्दल पुन्हा कधी सांगू" हे सांगता येत होतं. एवढं कबूल करून घेतलं आणि रात्री दीड वाजता चौदावा मसुदा पक्का झाला:

"ऑपरेशन्स विभागाचे प्रमुख आजपासून कंपनीच्या सेवेत नाहीत. अकरा वर्षांच्या कामाबद्दल कंपनी त्यांची आभारी आहे. विभागाची अंतरिम जबाबदारी, रजा आणि खर्चाच्या मंजुरीसह, गोदाम विभागाच्या प्रमुखांकडे राहील आणि करार व मोठ्या खरेदीची मंजुरी वित्त प्रमुखांकडे राहील. मंजूर झालेल्या रजा कायम आहेत. सोमवारची बैठक ठरल्या वेळी होईल. पुढील नेमणुकीबाबतची स्थिती येत्या महिन्याच्या 15 तारखेला कळवू. प्रश्न असल्यास आज चार वाजता सभागृहात या."

सगळा मेल सात वाक्यांचा. झोपताना मी स्वतःवर खूश होते.

सकाळचं वेळापत्रक असं होतं: साडेनऊला सरांच्या हाताखालच्या नऊ जणांना एका खोलीत बसवून तोंडी सांगायचं, त्याच वेळी आयटीने खातं बंद करायचं, दहाला सर्वांना मेल. क्रम महत्त्वाचा असतो. ज्यांचा साहेब गेला त्यांना ते इतरांसोबत मेलमधून कळलं, तर ती जखम वर्षभर भरत नाही.

आयटीतला मुलगा उत्साही निघाला. त्याने आठलाच खातं बंद केलं. सव्वाआठला चॅटमध्ये सरांचं नाव करडं झालं. साडेआठला त्या नऊ जणांना "महत्त्वाचा संवाद, 15 मिनिटं" असं बैठकीचं निमंत्रण गेलं, ज्यात सरांचं नाव नव्हतं. पावणेनऊला पार्किंगच्या रखवालदाराने मला विचारलं, "मॅडम, सरांची गाडी आता कुणाला मिळणार?" साडेनऊला खोलीत साहेबांनी गंभीर चेहऱ्याने सांगायला सुरुवात केली तेव्हा नऊच्या नऊ जणांनी आश्चर्य वाटल्यासारखं करून त्यांना सांभाळून घेतलं.

तरी मेल महत्त्वाचा होताच. दहाच्या ठोक्याला मी "पाठवा" दाबलं. काहीच झालं नाही. दहा वाजून पाच मिनिटांनीही कुणाच्याच इनबॉक्समध्ये काही नव्हतं. मी आयटीला फोन लावला. मुलाने बघून सांगितलं, "मॅडम, मेल गेलाय. मंजुरीसाठी थांबलाय."

सर्वांना जाणारा मेल आधी एका माणसाच्या मंजुरीला जातो, नाहीतर कुणीही उठून चारशे लोकांना आपली हरवलेली छत्री शोधायला लावेल. ही सोय आमच्याकडे सरांच्याच आग्रहाने आली होती, आणि मंजुरी देणारे एकमेव गृहस्थ तेच होते. माझा प्रत्येक मेल ते वाचायचे आणि एक शब्द दोनदा आला की "पुनरुक्ती" असं लिहून परत पाठवायचे. लिफ्टचा मेलसुद्धा एकदा परत आला होता. आता सर नसल्याचा मेल सरांच्या बंद खात्यात, सरांच्या परवानगीची वाट बघत पडला होता.

"तू मंजूर कर ना," मी म्हटलं.

"मला अधिकार नाही. मंजुरी देणारा बदलायचा तर अर्ज करावा लागेल."

"मग अर्ज करते. तो कुणाकडे जातो?"

तो जरा वेळ काहीच बोलला नाही. मला उत्तर कळलं.

मेल दहा पन्नासला गेला, कसा ते आयटीलाच माहीत. चार वाजता सभागृहात साहेबांनी कठीण प्रश्नांची तयारी केली होती. एकूण सहा प्रश्न आले. चार रजेचे, एक सोमवारच्या बैठकीची खोली कुठली याचा. सहावा मागच्या रांगेतून आला, "ग्रुपवर आता बोलायचं का? सर अजून आहेत त्यात." साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी आयटीकडे बघितलं, आयटीने छताकडे बघितलं.

रात्री माझ्या फोनवर सरांच्या खासगी नंबरवरून मेसेज आला. कुणीतरी त्यांना मेल पाठवला होता, हे होणारच होतं. मी धडधडत्या छातीने उघडला. लीगलला आता कळवावं लागेल, हा विचारही मनात येऊन गेला.

लिहिलं होतं, "चांगला झालाय. तिसऱ्या वाक्यात 'राहील' दोनदा. पुनरुक्ती."