प्रतिकूल बाजूनं बोला, पण प्रतिकूल बोलू नका

अभिनंदन! आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेत तुमच्या चिठ्ठीत प्रतिकूल बाजू निघाली आहे. विषय असा: ‘या सभागृहाचे असे मत आहे की, शहरी जीवनात जातीला आता महत्त्व उरलेले नाही.’ म्हणजे सात मिनिटं उभं राहून तुम्हाला सांगायचंय की उरलंय. पहिल्या रांगेत परीक्षक, त्यांच्या शेजारी प्राचार्य, मागे धरमपेठेपासून इंदोऱ्यापर्यंत अख्ख्या नागपुरातून जमलेले पोट्टे. फिरता करंडक हवा असेल तर एकच पथ्य सांभाळा. बोला असं, की सगळ्यांना पटेल आणि लागू मात्र कुणालाच पडणार नाही.

त्यासाठी सुरुवात खेड्यापासून करा. विषय शहराचा आहे हे खरं, पण खेड्यात सोय फार. पाणवठा, चहाच्या टपरीवरची वेगळी कपबशी, गावकुसाबाहेरची वस्ती. परीक्षकांच्या चेहऱ्यावर लगेच कळवळा उमटतो, कारण ते राहतात बजाजनगरात. तिथून अलगद दीक्षाभूमीवर या. १४ ऑक्टोबर १९५६, लाखोंचा जनसागर, आवाज थोडा कातर. फुले-शाहू-आंबेडकर हे एका दमात म्हणा, मध्ये श्वास घेतलात तर कुणीतरी विचारायचं की त्यांनी नेमकं काय सांगितलं. टाळ्या इथेच पडतात. निम्मा वेळ संपलेला असतो.

बाबासाहेबांचं नाव घ्याल तर दीक्षाभूमीवरच थांबा, बडोद्याला जाऊ नका. बडोदं शहर आहे, आणि तिथली गोष्ट भाड्याच्या खोलीची आहे. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला, संस्थानात मोठ्या हुद्द्यावर नेमलेला माणूस पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत उतरला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली, त्यांनी संध्याकाळपर्यंत खोली सोडायला लावली. मग बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक म्हणाला, तू घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारून सांगतो. नीट पाहा, दोघांपैकी एकानंही ‘मला चालत नाही’ असं म्हटलेलं नाही. अडचण नोकरांची होती, बायकोची होती. हा किस्सा सभागृहात सांगितलात तर मागच्या रांगेत कुणीतरी पुटपुटेल, ‘आमचा मालकबी सेम असंच म्हणाला होता न बे,’ आणि भाषणाचा सगळा डौल जाईल.

त्याहून घातक म्हणजे टेलिफोनचा प्रयोग. तो चुकूनही करू नका, आणि कसा करायचा नाही हे तपशिलात समजून घ्या, म्हणजे हातून अजाणता घडायचा नाही.

समजा, बेसा किंवा मनीषनगरात दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्यानं द्यायचा आहे अशी जाहिरात आहे. वर्गातले दोघं निवडू नका. त्यांना सारखीच नोकरी, सारखाच पगार, सारखंच कुटुंब लिहून देऊ नका. दोघांची मराठी एकाच वळणाची नसावी, नाहीतर फरक भाषेचा होता असं म्हणायची वाट बंद होते. आडनावं तेवढी वेगळी ठेवू नका: एक मेश्राम, एक कुलकर्णी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मेश्रामला आधी फोन करायला लावू नका. कुलकर्णी आधी बोलला आणि मेश्रामला नकार मिळाला, तर मालक म्हणू शकतो की फ्लॅट मधल्या वेळात गेला. पण मेश्रामला ‘अर्रर्र, कालच दिला हो’ हे उत्तर मिळालं आणि तासाभरानं कुलकर्णीला ‘या न, संध्याकाळी बघून जा’ हे मिळालं, तर त्या एका तासात फ्लॅट रिकामा कसा झाला याचं उत्तर देताना अनुकूल बाजूची तारांबळ उडेल. प्रतिस्पर्ध्याला असं उघडं पाडणं आपल्या संस्कृतीत बसत नाही.

एकाच फोनवर थांबायचंही नाही, असं शहाणे लोक म्हणतात. एका नकारातून काहीच सिद्ध होत नाही आणि तेच तर आपल्या पथ्यावर पडतं. प्रत्येक नकाराला स्वतंत्र, सभ्य कारण असतं. मालकाचा भाऊ पुण्याहून परत येऊन राहिला आहे. रंगकाम काढायचं आहे. सोसायटीचे लोक फार कटकट करतात, ‘माझं काही नाही हो, मी तर मानतच नाही.’ एकेकटं घेतलं तर हरेक कारण खरं वाटतं, कधीकधी असतंही. पन्नास-शंभर जोड-फोन शेजारीशेजारी मांडले की मात्र सगळ्यांचे भाऊ मेश्रामच्याच फोननंतर पुण्याहून कसे निघतात, हे दिसायला लागतं.

दिल्लीत हे झालेलं आहे, म्हणून धास्ती. आपल्या अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, नोएडा, गुरगाव, गाझियाबाद, फरीदाबाद या पट्ट्यातल्या घरमालकांना असेच फोन केले आणि २०१५ साली निष्कर्ष छापले. सवर्ण आडनावाला जवळपास सगळीकडे होकार. दलित आडनावाला सुमारे ५९ टक्के ठिकाणी सरळ होकार, सुमारे १८ टक्के ठिकाणी सपशेल नकार, उरलेल्या ठिकाणी होकार पण अटी घालून. मुस्लीम नावाला सपशेल नकार याहून जास्त, साधारण ३१ टक्के. हे आकडे भाषणात आणू नका. आणलेच तर एवढ्या भरभर म्हणा की परीक्षकांना लिहून घेता येऊ नयेत.

अनुकूल बाजूचा वक्ता उठून म्हणेल की हा जातीचा नव्हे, पैशाचा प्रश्न आहे. इथे तुम्ही हसून बसून घ्यायचं. ‘पगार दोघांचाही सारखाच सांगितला होता’ हे वाक्य जिभेवर येईल, गिळा. २००१ च्या जनगणनेतले वॉर्डवार आकडे घेऊन देशातल्या सात सर्वांत मोठ्या शहरांचा अभ्यास झाला होता आणि त्यात माणसं आर्थिक स्थितीपेक्षा जातीनुसार जास्त विभागून राहतात असं दिसलं, तेही गिळा. नागपूर त्या सात शहरांत नव्हतं, ही पळवाट त्यांना स्वतःहून सुचवलीत तर खिलाडूवृत्तीचे गुण मिळतील.

मग खाण्याचा मुद्दा येईल. ‘जात नाही हो, आम्हाला फक्त नॉनव्हेज चालत नाही.’ हा मुद्दा नागपुरात ऐकताना चेहरा गंभीर ठेवणं अवघड आहे, पण सराव करा. रविवारी सावजीच्या भोजनालयात घाम पुसत रस्सा ओरपणारा मालकच सोमवारी फोनवर हा नियम सांगत असतो. सगळेच मालक असे नसतात, काहींच्या घरात खरोखरच अंडंसुद्धा येत नाही आणि त्यांचा नियम सगळ्यांना सारखा असतो. ओळखायचं कसं, तर कुलकर्णीनं फोनवर ‘आम्ही मटण खातो’ असं सांगून पाहायचं. असं करू नका, हे सांगायला नकोच.

कायद्याचं नाव काढायचं तर मोघम काढा. ‘राज्यघटनेनं समता दिली आहे,’ पूर्णविराम. कलम १५ मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांची नावं घेऊन भेदभावाला मनाई आहे आणि भाड्यानं द्यायच्या खासगी घराचं नाव त्या यादीत नाही, इतक्या खोलात शिरू नये. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात मात्र कोणत्याही वस्तीत घर घेण्या-राहण्याला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणं हा गुन्हा धरला आहे. पण तो ‘कारणावरून’ अडतो, आणि कारण तर पुण्याहून येणारा भाऊ आहे. शिवाय २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व फक्त पारशांपुरतं ठेवायची मुभा दिली. आपल्याच लोकांची सोसायटी म्हणजे सहकार, हा समज त्यानं पक्का झाला. बडोद्याच्या धर्मशाळेची आठवण कुणाला झाली, तर ती तुमची जबाबदारी नाही.

या सगळ्या प्रयोगाला मर्यादा आहेत, त्यांचा मात्र भरपूर उपयोग करा. फोन हा पहिला दरवाजा फक्त. घर पाहायला बोलावलं म्हणजे किल्ली मिळाली असं नव्हे, त्यामुळे खरा नकार याहून जास्तही असेल. आडनावही कच्चा पुरावा आहे. विदर्भात कितीतरी आडनावं तीन-चार जातींत सापडतात. म्हणून तर अनुभवी मालक आडनावावर थांबत नाही. ‘मूळ गाव कोणतं?’ ‘तिकडे कोणाकडले?’ ‘लग्नाचं आहे का घरात कोणी, आमच्या ओळखीत स्थळं असतात म्हणून विचारून राहिलो.’ अकरा महिन्यांच्या करारासाठी पणजोबांपर्यंत चौकशी करणारा माणूस निव्वळ वंशावळीचा अभ्यासक असतो. त्याला जातीत रस आहे असं म्हणणं म्हणजे ज्ञानाचा अपमान.

शेवटच्या मिनिटात प्रतिस्पर्धी हुकमाचा पत्ता टाकेल. २०२० च्या डिसेंबरात राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला, म्हणजे नावालासुद्धा जात उरली नाही! तुम्ही मान डोलवा. पत्त्यात ‘भीमनगर’ वाचून मालकाला काय कळतं आणि काय कळत नाही, याची चर्चा मंचावर कशाला?

प्रश्नोत्तरांत एखादा परीक्षक विचारेलच, ‘मग तुमच्या मते उपाय काय?’ ‘मानसिकता बदलली पाहिजे’ म्हणा आणि बसा. ती कोणाची, कधीपर्यंत, हे कुणी विचारत नाही. सोसायट्यांनी आणि दलालांनी भाडेकरूचा नकार कारणासह लेखी द्यावा, अर्ज आधी आडनाव झाकून पाहावा, महापालिकेनं वर्षातून एकदा असे जोड-फोन करून निकाल जाहीर करावा, असलं काही सुचवलंत तर ते राबवता येण्यासारखं आहे हे लक्षात येऊन सभागृह अस्वस्थ होईल. पहिल्या रांगेतल्या दोघा-तिघांचे वर्धा रोडला फ्लॅट आहेत आणि त्यांतला एक सध्या रिकामा आहे.