नमस्कार मंडळी, टेक सतरावा

हॉस्टेलच्या रूममध्ये, एका इंडक्शनवर होतील अशा सोप्या रेसिपीज शिकवायचा चॅनल काढायचा असं मे महिन्यात ठरलं आणि जुलै अर्धा संपला तरी मी पहिल्या वाक्याच्या पुढे गेले नव्हते. पोहे मला येतात हो. पोह्यांच्या आधी जे बोलायचं असतं ते येत नव्हतं.

जर्नलच्या मागच्या पानावर लिहिलेलं ओपनिंग असं होतं, "नमस्कार मंडळी, तुम्हा सगळ्यांचं आपल्या चॅनलवर मनःपूर्वक स्वागत, मी मूळची साताऱ्याची पण सध्या मुक्काम पोस्ट माटुंगा, आणि या चॅनलवर आपण बघणार आहोत हॉस्टेलच्या छोट्याशा खोलीत, एकाच इंडक्शनवर, कमीत कमी भांड्यांत आणि झटपट होणाऱ्या साध्या सोप्या रेसिपीज, तर चला मग, वेळ न घालवता सुरुवात करूया." माझी रूममेट सोलापूरची, सीएची आर्टिकलशिप करते, तिला कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय चैन पडत नाही. तिने मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं आणि म्हणाली, "वेळ न घालवता म्हणेपर्यंत तुझे 28 सेकंद गेले बघ."

पण खरा घोळ लांबीचा नव्हता, आवाजाचा होता. माझी कल्पना अशी की मागे फोडणी चुरचुरतेय आणि पुढे मी हसतमुखाने नमस्कार करतेय. पहिला टेक हेडफोन लावून ऐकला तर चुरचुर नाहीच, नुसतं घूंऽऽऽ, आणि त्या घूंच्या तळाशी विहिरीत पडल्यासारखी मी. कारण इंडक्शनच्या पोटात एक पंखा असतो, तो आतली कॉइल आणि सर्किट गार ठेवायला प्लेट चालू असेपर्यंत फिरतो आणि बंद केल्यावरही थोडा वेळ फिरत राहतो. रोज जेवण करताना तो कधी जाणवलाच नव्हता कारण आपले कान त्याला सोडून देतात, मोबाईलचा माईक मात्र मी दोन वाक्यांमध्ये श्वास घ्यायला थांबले की "अरे कोणीच बोलत नाहीये वाटतं" म्हणून आवाज आपोआप वाढवतो, आणि मग पंखा असा गरजतो की जणू चॅनल त्याचाच आहे.

आता यात एक गोष्ट भांड्याचीही होती, ती सांगायलाच हवी कारण त्यात माझे पुढचे तीन टेक गेले. आईने साताऱ्याहून तिची हिंडालियमची कढई पाठवली होती, "यात पोहे मोकळे होतात" असा निरोप देऊन. मी ती प्लेटवर ठेवली, कॅमेरा चालू केला, नमस्कार मंडळी म्हटलं आणि प्लेट टीं टीं टीं करायला लागली, स्क्रीनवर E0. माझ्या प्लेटच्या भाषेत E0 म्हणजे भांडंच नाही (प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे असतात, तुमच्या प्लेटचं पुस्तक बघा, फेकून दिलं नसेल तर). एवढी दोन किलोची कढई समोर दिसत असताना भांडं नाही म्हणते म्हणजे काय! तर इंडक्शनला हिंडालियम, तांबं, पितळ दिसतच नाही. तिला लोहचुंबक चिकटेल असंच बूड लागतं. मग मी रूममेटच्या कपाटावरचा गणपतीचा मॅग्नेट मनातल्या मनात माफी मागून काढला आणि रूममधल्या सगळ्या भांड्यांच्या बुडाला लावत सुटले. गंमत म्हणजे चकचकीत स्टीलचं पातेलं, ज्याच्यावर माझा पूर्ण भरवसा होता, त्यालाही तो चिकटला नाही, आणि तव्याला असा चिकटला की सोडवताना गणपतीची सोंड निघाली. त्यामुळे भांडं घ्यायला दुकानात जाल तेव्हा स्टील आहे का एवढंच विचारू नका, खिशातून मॅग्नेट न्या आणि बाजूला नाही, बुडाला लावून बघा. मी असंच करून दादरला एक छोटी स्टीलची कढई घेतली, दुकानदार काका म्हणाले, "ताई, मुलगा बघायला आल्यासारखं काय करताय."

नवी कढई प्लेटला आवडली, पण स्वस्तातली असल्यामुळे बुड पातळ. पाचवा टेक. 1600 वॉटवर तेल टाकलं, शेंगदाणे टाकले, नमस्कार मंडळी सुरू केलं, आणि "मनःपूर्वक"पर्यंत पोचते तोवर धूर. कढईत पाहिलं तर शेंगदाण्यांचं अगदी रेखीव वर्तुळ करपलेलं, मधले पांढरे आणि कडेचे पण पांढरे, जणू कोणी कंपास घेऊन करपवलेत. कारण काचेखाली कॉइल गोल वेटोळ्याची असते, मधे मोकळी जागा असते आणि उष्णता त्या वेटोळ्याच्या बरोबर वर भांड्याच्या बुडातच तयार होते, बुड जाड असेल तर ती पसरते, पातळ असेल तर जिथल्या तिथे बसते. गॅसवरची "तेल चांगलं तापू द्या" ही सवय इथे पहिल्यांदा सोडायची. पातळ बुडाच्या कढईत दोन चमचे तेल 1600 वर ठेवून कांदा चिरायला वळलात तर फोडणी कोळशाची. मी आता शेंगदाणे 300 वर घालते, सतत हलवते, ते तांबूस झाले की काढून ठेवते, आणि मग मोहरीसाठी 600 वर नेते, ती तडतडली की कढीपत्ता, मिरची, कांदा.

आणि अजून एक, मोठ्या आकड्यावर ती कढईच गाते. प्लेटचं चुंबकत्व सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होत असतं, त्याने पातळ भांडं थरथरतं, आणि वर झाकण असलं तर ते वेगळ्या सुरात. कोरस म्हणा. शिवाय 2000 वॉट केलं आणि त्याच वेळी शेजारच्या रूमने इस्त्री लावली की आमच्या विंगेचा ट्रिप स्विच पडतो, अंधार होतो आणि अंधारात सात मुली एकदम विचारतात, "कोण पोहे करतंय?"

सोलापूर म्हणालं, आवाज वेगळा रेकॉर्ड कर ना, वरून चिकटव. केलं तेही. बाथरूममध्ये जाऊन बोलले तर घुमलं, गोधडीखाली बोलले तर बरं आलं पण व्हिडिओत ओठ हलायचे "स्वागत"ला आणि आवाज यायचा "माटुंगा". आठ ते बारा टेक यातच वाहून गेले. दिवसा तर प्रश्नच नाही, आमच्या खिडकीखालून दर तीन-चार मिनिटांनी लोकल जाते, एसीच्या बाहेरच्या डब्यावर कबुतरं संसार करतात आणि पावसामुळे खिडकी बंद करावी तर काचेवर सरी ताशा वाजवतात. म्हणून मी रात्री 2 वाजता रेकॉर्ड करायचं ठरवलं. तेव्हा शेवटची लोकल गेलेली असते आणि पहिली यायची असते, मुंबई दोन-तीन तास तोंड मिटून असते.

आणि त्या शांततेत मला कळलं. 300 वॉटवर शेंगदाणे होते. कढईची घूंऽ तीन सेकंद वाजली आणि थांबली. पाच सेकंदांनी पुन्हा घूंऽ. मला वाटलं बिघडली. पण नाही, अशा साध्या प्लेट्स कमी आकड्यावर मंद जळत नाहीत, त्या थोडा वेळ जोरात चालतात आणि थोडा वेळ चक्क बंद राहतात, सरासरी काढून 300. (दूध उतू जाता जाता खाली बसतं आणि पुन्हा वर येतं ना, ते यामुळेच. खिचडी पण म्हणूनच रटरट, गप, रटरट, गप अशी शिजते.) आणि त्या बंदच्या पाच सेकंदांत तेल गरमच असतं, म्हणजे शेंगदाणे चुरचुरत राहतात, कढई मात्र गप्प! पंखा होताच, पण त्याच्यावर उपाय सापडला, जुना वायरवाला इअरफोन, त्याचा माईक कुडत्याच्या गळ्याला पिनेने लावला आणि प्लेट हातभर लांब सरकवली, की तोंड जवळ आणि पंखा लांब. ओढणी काढून ठेवायची, नाहीतर तिची खसखस येते.

म्हणजे मला बोलायला पाच सेकंद होते. पाच सेकंदांत 28 सेकंद मावत नाहीत हे मला सोलापूरने उगाचच हिशेब करून दाखवलं. मग कात्री. मनःपूर्वक गेलं. स्वागत गेलं, कारण हॉस्टेलच्या रूममध्ये दोन खाटांच्या मधे आम्हीच आडव्या उभ्या राहतो तर स्वागत कुठे करणार. सातारा गेलं, त्याचं वाईट वाटलं. कमीत कमी, झटपट, साध्या, सोप्या हे चार शब्द एकच गोष्ट सांगतात हे रात्री अडीचला दिसतं, दिवसा दिसत नाही. राहता राहिलं काय, तर बघणाऱ्याला त्या क्षणी हवं असतं तेवढंच: काय होणार, कशावर, किती वेळात. शेवटी हातात तयार पोह्यांची ताटली धरायची आणि म्हणायचं, "एक इंडक्शन, एक कढई, वीस मिनिटांत पोहे. आधी शेंगदाणे, तीनशेवर." मोजलं, पावणेपाच सेकंद.

आता हे घूंच्या तालावर म्हणायचं. चौदावा टेक, मी अर्धा सेकंद उशिरा सुटले आणि "तीनशे"वर घूं आली. पंधरावा, सोलापूर शिंकलं. सोळावा उत्तम होता पण ताटलीतले पोहे साडेनऊचे, लाकडासारखे झालेले, आणि मी ताटली तिरकी केली तरी एक पोहा हलला नाही. पुन्हा दोन वाट्या जाड पोहे चाळणीत घेऊन नळाखाली धरले, निथळून दहा मिनिटं ठेवले, मीठ, साखर, हळद त्यांनाच चोळली, फोडणी करून परतले, झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ दिली. बाहेर कॉरिडॉरमध्ये हिंगाचा वास गेला असणार कारण दाराखाली पावलांच्या सावल्या जमायला लागल्या. सोलापूर कुजबुजलं, "कोणी टकटक करायच्या आत बोल गं." घूं आली, थांबली, मी बोलले, घूं आली. सतरावा. बरोबर बसला.

दार उघडलं तर चौघी उभ्या, हातात स्वतःच्या वाट्या, आणि त्यांच्या मागे वॉर्डनबाई, त्यांच्या हातात वाटी नव्हती पण चमचा होता.

सकाळी आईला व्हिडिओ पाठवला. तिने दोनदा पाहिला असं दिसत होतं, मग फोन आला. "पाहिलं गं. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम शेंगदाणेच? लोक काय म्हणतील, काही वळण लावलं की नाही घरच्यांनी." मी तिला पाच सेकंद, तीन सेकंद, कॉइल, सरासरी हे सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"ते असू दे," ती म्हणाली, "पोह्यांवर कोथिंबीर कुठाय?"