मगवर नाव छापायचंय? घाई कशाला!

आखाजी जवळ आली की जळगाव-भुसावळकडच्या गिफ्टवाल्यांच्या पोस्टी सुरू होतात, नावाच्या ऑर्डरी सणाच्या पाच दिवस आधी बंद, अर्धा अ‍ॅडव्हान्स, फोटो ओरिजिनल पाठवा, नाव मराठीत टाईप करून द्या, प्रूफ म्हणजे छापण्याआधीचा नमुना बघून त्याच दिवशी कळवा, छापल्यावर बदल नाही. अशी पोस्ट दिसली की लाईक करायची आणि पुढे सरकायचं. पाच दिवस म्हणजे दुकानदाराचा नखरा असतो हो, तुमच्या आधी तिथे शंभर लोकं रांगेत असली तरी तुमचं काम तर "एकच मग" आहे ना, मग आदल्या दिवशी संध्याकाळी जायचं आणि म्हणायचं, दादा, दोन मिनिटांचं तर काम आहे.

एका अर्थी खरंही आहे ते. सब्लिमेशन पेपरवर नाव उलटं छापायचं, कोटिंगवाल्या मगला गुंडाळायचं, प्रेसमध्ये 180 डिग्रीच्या आसपास तीनेक मिनिटं ठेवायचं, झालं. पण तेवढ्यात शाईची वाफ होऊन ती मगच्या कोटिंगच्या आत जाऊन बसते, त्यामुळे घासून, खरवडून, लिंबू लावून काही निघत नाही, आणि चूक सापडली तर अख्खा मग भंगारात. कागदी फोटोच्या फ्रेमचं तेवढं बरं असतं, काच काढून नवा प्रिंट टाकता येतो. म्हणून चूक करायचीच असेल तर मगवर करा, कायमची राहते.

चुकीची सुरुवात नावापासून करायची. नाव इंग्लिश अक्षरात पाठवा. आमच्या ओळखीतल्या एका भाऊंनी भाच्याच्या वाढदिवसाला तीस मग सांगितले, रिटर्न गिफ्ट म्हणून, आणि मेसेज टाकला फक्त Arnav. आता दुकानातल्या पोराने अर्णव लिहायचं की अर्नव, हे त्याला स्वप्नात दिसणार होतं का? त्याने अर्नव लिहिलं आणि प्रूफ पाठवलं. भाऊ तेव्हा शेवभाजीच्या पंगतीत होते, चॅटमध्ये छोटंसं चित्र दिसलं, न उघडताच अंगठा टाकला. इथे तुम्हीही तेच करायचं, प्रूफ उघडून झूम करायचं नाही, नाहीतर अक्षरं दिसतात आणि मूड जातो.

खरं तर त्या प्रूफमध्ये याहून मोठी मजा सापडू शकते. मराठी नाव कॉपी करून डिझाईनच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं, आणि ते सॉफ्टवेअर किंवा त्याचं सेटिंग मराठीचं नसलं, की रफार अक्षराच्या डोक्यावर चढतच नाही, र पाय मोडून बाजूला उभा राहतो, आणि किशोरची वेलांटी क च्या आधी यायची ती मागे जाऊन बसते. चॅटमध्ये टाईप केलेलं नाव बरोबर असतं, डिझाईनमधलं मोडलेलं असतं, म्हणून तर प्रूफ पाठवतात. पण तुम्ही चॅटमधलंच वाचून "बरोबर आहे" म्हणायचं.

फोटोचं पण तसंच. लग्नाचा फोटो कुणाच्या तरी स्टेटसवरून स्क्रीनशॉट मारून पाठवायचा. मगभोवती पट्टी साधारण आठ इंच लांब येते, नीट छापायची तर लांबीला 2400 च्या आसपास पिक्सेल लागतात, स्क्रीनशॉटमधून तुमचा तुकडा कापला की उरतात कितीतरी कमी. मग नवरीच्या नथीच्या जागी चौकोन आले तर मशीनला शिव्या घाला. ओरिजिनल फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर दबत नाही असं दुकानदार दरवेळी सांगतो, पण त्याला बोलायची सवयच आहे. आणि हो, 8 बाय 12 ची फ्रेम सांगताना मोबाईलचा उभा लांबुळका फोटो द्या, त्यात वरून-खालून कापावंच लागतं, शिवाय फ्रेमची कडा थोडा भाग खाते, म्हणजे मागे उभे असलेले आजोबा नुसत्या हनुवटीपुरते राहतात. प्रूफमध्ये ते कापलेले दिसत असतात, पण प्रूफ कोण बघतं?

बरं, बघायचंच ठरलं तर फॅमिली ग्रुपवर टाका. आत्या म्हणणार नाव मोठं करा, काका म्हणणार गुलाबी नको, एक जण नुसतं "छान" म्हणणार, आणि वहिनींना शेवटी आठवणार की जावईबापूंचं नाव आधी पाहिजे. पोस्टमध्ये दोन करेक्शन फ्री लिहिलेलं असतं, तुम्ही सातवं पाठवा, तेही प्रेस गरम झाल्यावर.

त्या भाऊंचे तीस मग वेळेवर आले. त्यांनी दुकानात फोन लावला, "काय करनं शे आते?" पोराने त्यांचा अंगठा वेळेसकट दाखवला. मग भाऊ म्हणाले, बाकी राहू दे, फक्त न चा ण करून दे ना, एका अक्षराचे कशाला पैसे घेतो.