जितका एचपी, तितका केव्हीएआर?

"वीस एचपीच्या मोटरला वीस केव्हीएआरचा कपॅसिटर थेट मोटरवरच लावा, पॉवर फॅक्टर एक होतो."

कोल्हापूरच्या उद्यमनगर-शिरोलीत फिरणारा हा सल्ला चुकीचा आहे. वीस एचपीची मोटर पूर्ण लोडवर, 90 टक्के कार्यक्षमता धरून, साधारण 16.6 किलोवॅट घेते. पॉवर फॅक्टर 0.80 वरून 0.98 करायचा, तर दोन्ही कोनांच्या टॅनमधला फरक 0.75 वजा 0.20, म्हणजे 0.55. 16.6 आणि 0.55 यांचा गुणाकार साधारण 9 केव्हीएआर. म्हणजे दहा केव्हीएआरची कपॅसिटर बँक पुरते. वीसची लावली, तर पूर्ण लोडवरही फॅक्टर 0.91 लीडिंगला जातो. लोड उतरला की आणखी बिघडतो.

खरा धोका मात्र मोटर बंद करताना. टर्मिनलवरचा कपॅसिटर मोटरच्या मॅग्नेटायझिंग गरजेपेक्षा मोठा असेल, तर सप्लाय तुटल्यावर फिरती मोटर जनरेटर बनते आणि व्होल्टेज चढतं. कपॅसिटर फुगण्याचं हे एक कारण, दरवेळी माल डुप्लिकेट नसतो! म्हणून ही गरज कळायला मोटर लोडशिवाय चालवून क्लॅम्प मीटरने नो-लोड करंट मोजा. 415 व्होल्टला 10 अँपिअर आला, तर सुमारे 7.2 केव्हीएआर, त्याच्या 90 टक्के, म्हणजे साडेसहाच्या आतच मोटरवर जोडा. उरलेले मेन पॅनेलवर, वेगळ्या कॉन्टॅक्टरने.