पत्रात प्लेटलेट का नाहीत

"आजारपणामुळे चुकलेला पेपर पुन्हा घ्यावा म्हणून सरांना लिहायच्या पत्राचा नमुना तुम्ही लेखात दिला होता, तो फार कोरडा वाटला. माझा मुलगा डेंग्यूने सहा दिवस दवाखान्यात होता, प्लेटलेट २० हजारांवर आल्या होत्या. यातलं काहीच लिहायचं नाही? मग सरांना पाझर फुटणार कसा?"

ताई, ते सहा दिवस तुम्ही कसे काढले असतील याची मला कल्पना आहे, आमच्याही घरात डेंग्यू होऊन गेला आहे. तरी तो आकडा पत्रात नको, असंच मी म्हणेन.

कॉलेजची अंतर्गत परीक्षा चुकली तर पेपर पुन्हा घ्यायला सर बहुतेक वेळा तयार असतात. पण तो निर्णय सहसा त्यांच्या एकट्याच्या हातात नसतो. पत्र विभागप्रमुखांकडे जातं, तिथून परीक्षा विभागात, आणि तिथे पाहतात ते एवढंच, की पेपरचा दिवस आजारपणाच्या तारखांमध्ये बसतो का. मी शिकवत असताना एका मुलीचा अर्ज इथेच अडला. पेपरच्या दिवशी ती तापाने फणफणली होती, पण दाखल झाली दुसऱ्या दिवशी. तिने फक्त डिस्चार्ज कार्ड जोडलं, आणि त्यावरची तारीख पेपरनंतरची. पेपरच्या सकाळचा डॉक्टरांचा केसपेपर आणि डेंग्यूच्या एनएस१ चाचणीचा रिपोर्ट घरीच पडून होता. ते आणल्यावर काम झालं, पण मधे दोन आठवडे गेले आणि त्या पोरीचा जीव टांगणीला लागला.

तुमची एक गोष्ट मात्र मला पटली. माझ्या नमुन्यात मुलाची आजची अवस्था नव्हती, ती हवी होती. डेंग्यूचा ताप उतरला तरी थकवा पुढे काही आठवडे राहू शकतो. घाबरलेली मुलं 'उद्याही पेपर देईन' असं लिहून बसतात, आणि दोन तास बसवत नाही म्हणून अर्धा पेपर कोरा ठेवून येतात. तिसऱ्यांदा संधी मिळणं फार कठीण. म्हणून पत्र आता असं लिहीन:

"मी ९ ते १४ सप्टेंबर डेंग्यूमुळे रुग्णालयात दाखल होतो, त्यामुळे ११ तारखेचा गणिताचा पेपर देऊ शकलो नाही. डॉक्टरांनी २१ तारखेपर्यंत विश्रांती सांगितली आहे. २३ तारखेनंतर आपण ठरवाल त्या दिवशी हा पेपर देण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडली आहे."

विद्यापीठाचा सत्रअखेरचा पेपर चुकला असेल, तर सरांना पत्र लिहून उपयोग नाही. तिथे परीक्षा विभागालाच भेटावं लागतं, आणि बहुधा पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरावा लागतो. हजेरीच्या सवलतीचा अर्जही वेगळा करा.

मुलाच्या डिस्चार्ज कार्डावर विश्रांतीच्या तारखा आहेत का, तेवढं आज पाहा. नसतील तर फेरतपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांकडून सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या, आणि मगच त्याला पत्र लिहायला बसवा.